गुरुवारी पाठवलेले पैसे मंगळवारी का आले?

*“नवरा कुवेतला नोकरीला आहे. फोंड्याला फ्लॅट घेतलाय, त्याचा आठ लाखांचा हप्ता १४ जुलै, सोमवारपर्यंत भरायचा होता. नवऱ्याने गुरुवारी, १० तारखेला, तिथल्या बँकेच्या ॲपमधून डॉलरमध्ये पैसे पाठवले. त्याच्या खात्यातून त्याच क्षणी वजा झाले. माझ्या खात्यात मंगळवारी दुपारी जमा झाले. पावणेचारला ब्रँचमध्ये गेले तर म्हणाले, आता उद्या. बुधवारी बिल्डरला मिळाले आणि त्याने दोन दिवसांचे ५२६ रुपये व्याज लावले. दीर म्हणतात, इथल्या बँकेने चार दिवस पैसे वापरले, तक्रार कर. त्यांच्या मित्राचे पैसे कुवेतहून दहा मिनिटांत येतात. नवऱ्याला वाटतंय मीच ब्रँचमध्ये जायला आळस केला. चहाचे पैसेही मोबाईलवरून सेकंदात जातात, मग हे काय? तक्रार करू का? पुढचा हप्ता २२ ऑगस्टला आहे, चवथीच्या तोंडावर.”*
*— एक वाचक, फोंडा तालुका*

ताई, आधी तुमच्यावरचा आळ बाजूला ठेवूया. मंगळवारी दुपारी पैसे आले तेव्हा सोमवार उलटून गेला होता. तुम्ही ब्रँचच्या पायरीवर बसून राहिला असता तरी हप्ता वेळेत भरला गेला नसता. हे नवऱ्याला तुम्ही सांगण्यापेक्षा हे उत्तरच त्याला वाचायला पाठवा.

तुम्हा तिघांच्याही डोक्यात एक गोष्ट धरून चालल्यासारखी आहे: नवऱ्याने बटण दाबले तेव्हा पैसे निघाले. तसे झालेले नाही. बटण दाबले तेव्हा नवऱ्याने त्याच्या बँकेला फक्त हुकूम दिला. पैसे खऱ्या अर्थाने कोणत्या दिवशी हलले, हे दुसरीच तारीख सांगते. तिला बँकेत व्हॅल्यू डेट म्हणतात. एका बँकेकडून दुसऱ्या बँकेला पैसे ज्या दिवसापासून मिळाले असे धरायचे, तो दिवस. व्याज त्या दिवसापासून मोजतात. तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्येही बहुधा दोन रकाने दिसतील, एक व्यवहाराच्या तारखेचा आणि एक व्हॅल्यू डेटचा. रोजच्या व्यवहारात दोन्हीकडे तीच तारीख असते, म्हणून तिकडे कुणाचे लक्ष जात नाही.

आता कट-ऑफ. प्रत्येक बँक परदेशी पैसे पाठवण्याच्या हुकमांसाठी दिवसातली एक वेळ ठरवते. त्या वेळेआधी आलेला हुकूम आजचा, नंतर आलेला पुढच्या कामाच्या दिवसाचा. ॲप रात्री बारालाही हुकूम घेते, पण त्याने ही वेळ बदलत नाही. चोडणच्या धक्क्यावर तुम्ही केव्हाही जाऊन उभ्या राहू शकता, पण पलीकडे जायचे ते फेरी सुटेल तेव्हाच, तसेच हे. फरक इतकाच की तुमच्या पैशांना एक नाही, तीन फेऱ्या पकडायच्या होत्या: कुवेत, न्यूयॉर्क आणि मुंबई.

न्यूयॉर्क का, असे तुम्ही विचाराल. पैसे डॉलरमध्ये पाठवले म्हणून. डॉलर शेवटी अमेरिकेतल्या बँकांच्या वह्यांमध्येच इकडचे तिकडे होतात. कुवेतच्या बँकेचे तिथल्या एखाद्या बँकेत डॉलर खाते असते, तुमच्या बँकेचेही असते. अशा परदेशात ठेवलेल्या खात्याला बँकवाले नोस्ट्रो म्हणतात. कुवेतच्या खात्यातून डॉलर कमी होऊन तुमच्या बँकेच्या नोस्ट्रोत जमा झाले की तुमच्या बँकेला पैसे मिळाले. मग त्यांचे रुपये करून तुमच्या खात्यात टाकायचे. म्हणून कुवेतच्या बँकेची कट-ऑफ न्यूयॉर्कच्या वेळेच्या बरीच आधी असते. हुकूम तपासायचा, प्रतिबंधित नावांच्या याद्यांशी नावे ताडून पाहायची, खात्यात पुरेसे डॉलर आहेत ना ते बघायचे आणि मगच संदेश सोडायचा, या सगळ्याला त्यांना वेळ हवा असतो.

तुमच्या प्रकरणात नेमके काय झाले ते दिवसागणिक मांडते. नवऱ्याने पैसे पाठवले ते काम सुटल्यावर पाठवले असणार, असा माझा अंदाज आहे. त्याला विचारून घ्या. समजा कुवेतच्या घड्याळात गुरुवारचे साडेचार वाजले होते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ, बँका उघडलेल्या. पण कुवेतच्या बँकेची कट-ऑफ होऊन गेली होती. हुकूम गेला पुढच्या कामाच्या दिवसावर.

आणि पुढचा कामाचा दिवस शुक्रवार नव्हता. कुवेतला आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. शुक्रवारी न्यूयॉर्क चालू, मुंबई चालू, कुवेत बंद. शनिवारी डॉलर कुणीच हलवत नाही. रविवारी कुवेतची बँक उघडली, तिने हुकूम हातात घेतला, पण रविवारी न्यूयॉर्क आणि मुंबई बंद. म्हणून तिने संदेश तयार केला आणि त्यावर व्हॅल्यू डेट घातली सोमवारची, १४ जुलैची. कुणी पैसे दाबून ठेवले म्हणून हे झाले नाही. त्याआधी डॉलर हलवायला दुसरा दिवसच नव्हता.

या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी कामकाज चालते असे आठवड्यात फक्त चार दिवस आहेत, सोमवार ते गुरुवार. कुवेत, कतार, सौदी, ओमान, बहरीन या सगळ्यांना हेच लागू होते. दुबईचे वेगळे आहे. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारवर आणली आणि शुक्रवारी तिथे सरकारी कामकाज अर्धा दिवस असते. त्यामुळे दुबईच्या शेजारणीचा अनुभव तुमच्या कुवेतच्या पैशांना जुळणार नाही.

मग सोमवार. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा या दिवसांत आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे सोमवारची व्हॅल्यू डेट असलेले डॉलर तुमच्या बँकेच्या नोस्ट्रोत आपल्या सोमवारी संध्याकाळी किंवा रात्री पोचले. काही बँका संदेश बघून लगेच रुपये देतात. बऱ्याच बँका डॉलर खरोखर आलेत हे पाहिल्याशिवाय देत नाहीत, आणि मला ते गैर वाटत नाही. तुमच्या बँकेने मंगळवारी सकाळी जमा पाहिली, त्या दिवसाच्या दराने रुपये केले आणि दुपारी तुमच्या खात्यात घातले. गुरुवार ते मंगळवार एवढी मोठी वाटणारी ही वाट, बँकेच्या कामाच्या हिशोबाने पाहिली तर इथल्या बँकेकडून फार तर अर्ध्या दिवसाची आहे.

दिराच्या मित्राचे दहा मिनिटांत येतात हेही खरे असणार. तो बहुधा एक्सचेंज हाऊसमधून पाठवतो. त्यांची व्यवस्था वेगळी. आखातातल्या एक्सचेंज हाऊसने आपल्याकडच्या एखाद्या बँकेत आधीच रुपयांचे खाते भरून ठेवलेले असते. मित्राने तिथे दिनार दिले की इथल्या खात्यातून रुपये निघतात आणि देशातल्या देशात, मोबाईलवरून जातात तसेच, पुढे जातात. डॉलर हललाच नाही, न्यूयॉर्क वाटेत आलेच नाही. तुमच्या चहाच्या पैशांचेही तेच. ते भारतातल्या दोन बँकांमध्ये रुपयांत जातात आणि ती यंत्रणा दिवसरात्र चालते.

मग सगळ्यांनी एक्सचेंज हाऊसच धरावे का? इथे जरा थांबा. तुमच्या रकमेला जवळपास २,९०० दिनार लागतात. एका ठिकाणी दिनारमागे एक रुपया कमी मिळाला तर २,९०० रुपये गेले. तुम्हाला दोन दिवसांच्या उशिराची किंमत पडली ५२६. घाईपोटी भाव न बघता पाठवले तर वाचवलेल्या व्याजापेक्षा जास्त घालवून बसाल. त्या दिवशी दोन्हीकडचा दर आणि शुल्क विचारून, हातात किती रुपये पडणार तो एकच आकडा ताडून बघायला नवऱ्याला सांगा. कधी बँक चांगली निघते, कधी एक्सचेंज हाऊस. तारीख जवळ नसेल तेव्हा वेगाला काही मोल नाही.

दिरांच्या बोलण्यात मात्र एक खरा धागा आहे आणि तो मी सोडणार नाही. नवऱ्याच्या खात्यातून पैसे गुरुवारीच वजा झाले आणि डॉलर सोमवारी हलले. मधले दिवस ते पैसे ना त्याचे होते ना तुमचे. त्या दिवसांचे व्याज कुणाचे, हा प्रश्न रास्त आहे. पण तो विचारायचा कुवेतच्या बँकेला, फोंड्याच्या ब्रँचला नाही. काही बँका कट-ऑफनंतरच्या हुकमाचे पैसे व्हॅल्यू डेटलाच वजा करतात, काही लगेच. नवऱ्याने ॲपमधल्या अटी उघडून आपली बँक यातली कोणती ते पाहावे. रक्कम लहान आहे, हेही खरे. आपल्याकडच्या बचत खात्याचे व्याज अडीच टक्के धरले तर आठ लाखांवर दिवसाला ५५ रुपयांच्या आसपास बसते. त्यासाठी घरात अबोला नको.

आता तक्रारीचे. तक्रार करण्याआधी एक कागद मागवा. तो हातात आला की वाद बराचसा मिटतो. बँका एकमेकींना पाठवतात त्या स्विफ्ट संदेशाची प्रत नवऱ्याने त्याच्या बँकेकडे मागायची. बँकवाले तिला एमटी १०३ म्हणतात. बऱ्याच बँकांच्या ॲपमधून ती पीडीएफमध्ये उतरवताही येते. त्यात अनेक ओळी असतात, पण तुम्हाला हवी ती एकच. तुमच्या बाबतीत ती साधारण अशी दिसेल:

```
:32A:250714USD9350,00
```

पहिले सहा आकडे म्हणजे व्हॅल्यू डेट: वर्ष २५, महिना ०७, दिवस १४. मग चलन, मग रक्कम. सेंटच्या आकड्यांआधी टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, त्याने गोंधळू नका. संदेशांचा साचा आता बदलत चालला आहे. नव्या साच्यात हीच तारीख `IntrBkSttlmDt` या नावाखाली सापडते.

पणजीला परदेशी रेमिटन्सच्या टेबलावर मी बरीच वर्षे होते. तेव्हा एका तारवटी मुलाचे वडील लागोपाठ तीन दिवस माझ्यासमोर येऊन बसत. मुलाने जहाजाच्या कंपनीकडून घरी पाठवलेले पैसे येत नव्हते आणि त्यांची पक्की समजूत झाली होती की आम्ही ते दाबून ठेवलेत. मुलाने फोनवर सांगितलेली तारीख त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर लिहून आणली होती. चौथ्या दिवशी संदेश आला तेव्हा मी तो छापून त्यांच्यापुढे ठेवला आणि या ओळीवर बोट ठेवले. मुलाने सांगितलेल्या दिवसानंतर अमेरिकेत सुट्टी होती, नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारची, आणि व्हॅल्यू डेट शुक्रवारची होती. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाले, “हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?” त्यांचे बरोबर होते. संदेश नव्हता तरी सुट्टीचे मला पहिल्या दिवशी सांगता आले असते.

ही ओळ हाती आली की हिशोब सोपा आहे. व्हॅल्यू डेट आणि तुमच्या खात्यात जमा होण्याचा दिवस यांत कामाचा एक दिवस गेला असेल, तर तो नेहमीचा आहे. तुमचे तसेच झाले, सोमवार ते मंगळवार. त्यामुळे तुम्ही इथल्या बँकेविरुद्ध तक्रार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तर येईल, “व्हॅल्यू डेट १४, जमा १५”, आणि ते बरोबर असेल.

पण कामाचे दोन-तीन दिवस गेले आणि पैसे आलेच नाहीत, तर तो खरा उशीर. त्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. संदेशातले नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही, लग्नाआधीचे आडनाव हे तर आपल्याकडे नेहमीचेच. खाते क्रमांकात एखादा आकडा चुकतो. किंवा पैसे कशासाठी आलेत तो उद्देशाचा कोड बँकेला हवा असतो. घरखर्चासाठी आणि बचतीसाठी परदेशातल्या आपल्या माणसाने पाठवलेल्या पैशांना `P1301` लागतो. अशा वेळी संदेश बँकेच्या मुंबईतल्या किंवा दुसऱ्या शहरातल्या केंद्रात अडकून पडतो आणि फोंड्याच्या ब्रँचला त्याचा पत्ताही नसतो. “आमच्याकडे काही आले नाही” असे काउंटरवरची मुलगी म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिला संदेशाची प्रत द्या आणि असे विचारा: “नोस्ट्रोत पैसे कोणत्या तारखेला आले?” या प्रश्नाचे उत्तर द्यायला तिला केंद्राला विचारावेच लागते. तिकडे नवऱ्याने यूईटीआर क्रमांक सांगून त्याच्या बँकेला माग काढायला लावावे. प्रत्येक स्विफ्ट पेमेंटला हा ३६ अक्षर-चिन्हांचा क्रमांक असतो आणि पैसे कोणत्या बँकेपाशी थांबलेत ते त्यावरून कळते. तारीख उघड उघड चुकीची निघाली तर लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट जाता येते.

बिल्डरचे ५२६ रुपये देऊन टाका असे मी म्हणेन, पण आधी करारनामा वाचा. “हप्ता भरल्याचा दिवस” म्हणजे तुम्ही पैसे पाठवल्याचा की त्याच्या खात्यात जमा झाल्याचा, हे कलमात लिहिलेले असते. जमा झाल्याचा लिहिले असेल, आणि बहुधा तेच असते, तर त्याचे गणित बरोबर आहे: आठ लाखांवर वर्षाला १२ टक्क्यांनी दोन दिवस. तरी संदेशाची प्रत दाखवून सवलत मागायला हरकत नाही. पहिल्यांदाच झाले असेल तर बरेच जण सोडून देतात.

आता मंगळवारची दुपार. उशीर दोन दिवसांचा झाला, त्यातला दुसरा दिवस कुवेतने नाही, इथेच घेतला. तो वाचला असता. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस यंत्रणा १४ डिसेंबर २०२० पासून सुट्टीच्या दिवशीही जवळपास चोवीस तास चालते, फक्त एक दिवस मिटवून दुसरा उघडेपर्यंतचा थोडा वेळ बंद असते. पण ही यंत्रणा चालू असते म्हणून ब्रँचचा काउंटरही चालू असतो असे नाही. काउंटरवर फॉर्म घ्यायची वेळ प्रत्येक बँक आपली ठरवते, आणि पावणेचारला ती संपलेली होती. तोच व्यवहार तुम्ही नेटबँकिंगवरून मंगळवारी दुपारी घरी बसून केला असता, तर घेणाऱ्या बँकेला पैसे आल्यापासून अर्ध्या तासात ते जमा करावे लागतात. बिल्डरला मंगळवारीच मिळाले असते आणि व्याज एका दिवसाचे, २६३ रुपये लागले असते.

यात दोन अडचणी येतात, त्या आधीच दूर करा. नवीन नाव खात्याला जोडले की बऱ्याच बँका पहिला एक दिवस मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. म्हणून बिल्डरचे खाते आजच जोडून ठेवा आणि शंभर-पाचशे रुपये पाठवून पावती घ्या. दुसरे, नेटबँकिंगची रोजची मर्यादा. ती आठ लाखांच्या वर आहे का ते पाहा, नसेल तर ब्रँचमध्ये अर्ज द्या. हे काम पैसे आल्यावर करायला गेलात तर पुन्हा एक दिवस जाईल.

एनईएफटी करणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगते, कारण पुढच्या दिवसाची तारीख लागण्याचा तोच प्रकार देशातल्या देशातही होतो. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आहे, पण पैसे एकेक न जाता दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्याने जातात, दिवसाला ४८ गठ्ठे. दिवसाचा शेवटचा गठ्ठा रात्री बाराला मिटतो. रात्री पावणेबाराला तुम्ही पाठवलेत तर ते बाराच्या गठ्ठ्यात जातात, आणि समोरच्या बँकेत जमा होईपर्यंत तारीख बदललेली असू शकते. तुमच्या मोबाईलवर ५ तारीख, समोरच्याच्या खात्यात ६. पीपीएफवाल्यांना याचा चटका बसतो. त्या खात्याचे व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळते. दीड लाख ५ एप्रिलच्या मध्यरात्रीच्या तोंडावर भरायला गेले आणि जमेला ६ तारीख पडली, तर ७.१ टक्क्यांनी त्या एका महिन्याचे ८८७ रुपये ५० पैसे व्याज जाते.

तर ताई, तुमच्या २२ ऑगस्टच्या हप्त्याचे उलटे मोजूया. २२ तारीख शुक्रवार आहे. त्या दिवसावर काहीच ठेवायचे नाही. आरटीजीएस गुरुवारी, २१ तारखेला सकाळी करायचे. म्हणजे तुमच्या खात्यात पैसे बुधवारी, २० तारखेला हवेत. त्यासाठी डॉलरची व्हॅल्यू डेट मंगळवार, १९ ऑगस्ट किंवा त्याआधीची हवी. आणि ती मिळायची तर कुवेतच्या बँकेकडे हुकूम सोमवारी, १८ तारखेला कट-ऑफच्या आत पोचलेला हवा. एक दिवस गाठीशी ठेवायचा असेल, तर रविवारी, १७ तारखेला सकाळी. आपला रविवार हा त्यांच्या आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, हे नवऱ्याला मुद्दाम सांगायला नको, पण पैसे पाठवायला तो गुरुवारची वाट बघत असेल तर सांगा. गुरुवार १४ ऑगस्टला काम सुटल्यावर पाठवले, तर ते पुन्हा रविवारच्याच हातात पडतील आणि सोमवारची तारीख लागेल. रविवारी सकाळी झोपून उठून पाठवले तरी तीच तारीख लागते.

त्याच्या बँकेची डॉलरची नेमकी कट-ऑफ काय, हे आजच विचारून घ्या. ॲपमध्ये शुल्काच्या पानावर असते, नाहीतर फोन करून कळते. विचारताना “पैसे किती दिवसांत पोचतात” असे विचारू नका, त्याला “एक ते पाच दिवस” असे गुळमुळीत उत्तर मिळते. विचारायचे असे: “रविवारी सकाळी दहाला डॉलरचा हुकूम दिला तर व्हॅल्यू डेट कोणती लागेल?” जी तारीख सांगतील ती कॅलेंडरवर लिहा, पुढचा कामाचा दिवस धरा, आणि त्या दिवशी दुपारी खाते बघा. १५ ऑगस्टची सुट्टी मध्ये येते, पण ती शुक्रवारी आहे आणि तुमच्या पैशांच्या आधी उरकते. चवथ २७ तारखेला, तोवर पावती तुमच्या हातात असेल.